झोपेसाठी क्वेटियापिन २५, मग ५०, मग १००. वजन आणि साखर वाढली. 'डोस कमी आहे' एवढं उत्तर पुरेसं आहे का?

पहाटवारा

नमस्कार. वय ४६, पुरुष. चौदा महिन्यांपूर्वी घरातल्या एका दीर्घ आजारपणानंतर माझी झोप पार उडाली. रात्री दोन-तीन वाजता जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. मला दुसरा कुठलाही मानसिक आजार नाही, तसं निदानही कुणी केलेलं नाही. डॉक्टरांनी क्वेटियापिन २५ लिहून दिली आणि "सवय लागत नाही, निर्धास्त घ्या" म्हणाले. पहिले तीन आठवडे मेल्यासारखा झोपलो. मग परिणाम ओसरला म्हणून ५०, आणि सहा महिन्यांपासून १००.

गोळी सुरू होण्याआधी ऑफिसची आरोग्य तपासणी झाली होती, म्हणून तेव्हाचे आकडे हाताशी आहेत. वजन ७१ किलो, उपाशीपोटी साखर ९३, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी ५.५, ट्रायग्लिसराइड १४०. गेल्या आठवड्यातले आकडे: वजन ७९.५, साखर ११४, एचबीएवनसी ६.१, ट्रायग्लिसराइड २३६.

डॉक्टरांना दाखवलं. "वय झालं, बैठं काम आहे, चालायला लागा" म्हणाले. गोळीमुळे असेल का असं विचारलं, तर "एवढ्याशा डोसने काही होत नाही, हे औषध लोक आठशे मिलिग्रॅमपर्यंत घेतात." हे कितपत खरं आहे? वैद्यकीय क्षेत्रातलं कुणी असेल तर कृपया लिहा.

सरळरेषा

मी डॉक्टर नाही, पण घरातल्या एकांसाठी यावर बरंच वाचलं आहे. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर वाटतं. हे मुळात स्किझोफ्रेनियाचं औषध. मेंदूतलं डोपामिन अडवण्यासाठी साधारण ३०० च्या पुढे डोस लागतो. २५-५० ला ते जवळजवळ फक्त हिस्टामिन अडवतं, म्हणजे सर्दीच्या जुन्या गोळीने गुंगी यायची तसंच. म्हणून मनोविकाराच्या औषधांचे जे दुष्परिणाम ऐकतो ते या डोसला लागू नाहीत. वजन वेगळ्या कारणाने वाढलं असेल. थायरॉइड तपासलंत का?

मात्रा

मी रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. सरळरेषा, तुमचा पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे आणि नेमका त्याच्यामुळेच दुसरा अर्धा चुकतो.

क्वेटियापिन पेशींवरच्या वेगवेगळ्या रिसेप्टरांना, म्हणजे संदेश घेणाऱ्या कुलपांना, वेगवेगळ्या ताकदीने चिकटतं. हिस्टामिनच्या एच-वन रिसेप्टरला सगळ्यात आधी, अगदी थोड्या मात्रेत. त्याच सुमारास रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या अल्फा-वन रिसेप्टरलाही. डोपामिनला पुष्कळ नंतर. त्यामुळे हातपाय ताठरणं, कंप असे डोपामिनशी जोडलेले त्रास २५ ला क्वचित दिसतात, हे खरं.

पण भूक कोण वाढवतं? तोच एच-वन. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये हिस्टामिन "पोट भरलं, आता बस" हा संदेश पोहोचवायला मदत करतं. तो अडला की माणूस जेवून उठतो आणि तासाभरात पुन्हा फ्रीजपाशी जातो. म्हणजे ज्या कुलपाला ही किल्ली लागून झोप येते, त्याच कुलपाने भूकही मोकळी होते. झोपेसाठी लागणारी मात्रा आणि भूक वाढवणारी मात्रा या वेगळ्या नाहीत. आठशेच्या तुलनेत पंचवीस किती लहान, हा हिशोब डोपामिनपुरता खरा आहे, भुकेसाठी नाही.

स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने कमीपासून जास्तीपर्यंत डोस घेणाऱ्या रुग्णांचं वजन काही महिने पाहिलं, तेव्हा डोस आणि वजनवाढ यांचं नातं बरंच ढिलं निघालं. थोडा डोस म्हणून थोडंच वजन, असं घडलं नाही.

पहाटवारा, तीन गोष्टी सांगाल? रात्री गोळीनंतर भूक लागते का? मधल्या काळात कुठे वजन नोंदलं गेलं होतं का? आणि घोरता का?

पहाटवारा

मात्राताई (ताई म्हटलं तर चालेल ना?), भुकेचं तुम्ही लिहिलंत ते वाचून हादरलो. गोळी नऊला घेतो. दहाच्या सुमारास असं काही गोड खावंसं वाटतं की राहवत नाही. आधी मी असा नव्हतो. कधीकधी सकाळी ओट्यावर रिकामं पाकीट दिसतं आणि खाल्ल्याचं धड आठवत नाही.

थायरॉइड नॉर्मल आहे. गुडघ्यासाठी फिजिओथेरपीला गेलो होतो, त्या कागदावर वजन सापडलं: गोळी सुरू होऊन चौथ्या महिन्यात ७५. तेव्हा मी ५० वर होतो. घोरण्याबद्दल बायको म्हणते की हो, सहा-सात महिन्यांपासून, आणि मध्ये श्वास अडकल्यासारखं होतं.

मात्रा

ताई चालेल.

त्या फिजिओथेरपीच्या कागदाचं मोल मोठं आहे. या गटातल्या औषधांवर कशी नजर ठेवायची याबद्दल अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार संघटनांनी २००४ मध्ये एकत्र बसून शिफारशी केल्या होत्या. गोळी सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड पाहायचं. मग वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात. बाराव्या आठवड्यात साखर, रक्तदाब, लिपिड पुन्हा. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ झाली की औषध बदलण्याचा विचार करायचा.

तुमचं मूळ वजन ७१. त्याचे ५ टक्के साडेतीन किलो, म्हणजे थांबून विचार करायची रेघ साधारण ७४.५ ला होती. चौथ्या महिन्यात तुम्ही ती ओलांडली होती. त्या वेळी कुणी वजनकाट्यावर उभं केलं असतं, तर डोस ५० वरून १०० करण्याऐवजी उलट चर्चा झाली असती. माझी खरी तक्रार इथे आहे. स्किझोफ्रेनियासाठी हे औषध देताना काही डॉक्टर तरी या तपासण्या लिहितात. तेच औषध "झोपेची गोळी" झालं की तपासण्या गळून पडतात, कारण डोस लहान आणि रुग्ण धडधाकट दिसतो.

साखरेबद्दल: एचबीएवनसी ६.१ म्हणजे मधुमेहपूर्व पट्टा (५.७ ते ६.४). वजनामुळे हे होऊ शकतंच. शिवाय या गटातल्या काही औषधांनी वजन फारसं न वाढताही साखर चढल्याच्या नोंदी आहेत. तुमच्यात कशाचा वाटा किती, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येणार नाही.

सावली_उन्हात

हे सगळं वाचून घाबरले. मी चार वर्षं क्वेटियापिन ४०० घेते, बायपोलरसाठी. वजन अकरा किलो वाढलं आहे. २५ ने एवढं होत असेल तर माझं काय? आज रात्रीपासून बंद करू का?

मात्रा

सावली, नाही. कृपया आजची गोळी चुकवू नका. या धाग्यातला प्रश्न तुमचा नाही. बायपोलरमध्ये हे औषध मान्यताप्राप्त उपचार आहे, तुमचा मूड ते सावरून धरतं. अचानक थांबवलं तर आजार उलटू शकतो आणि तो धोका वजनापेक्षा खूप मोठा आहे. तुमच्या वजनाची तक्रारही खरी आहे, पण ती तुमच्या मनोविकारतज्ज्ञांपुढे मांडा: साखर-लिपिड तपासणी, दुसरा पर्याय, किंवा वजनासाठी जोडीला औषध. निर्णय होईपर्यंत गोळी चालू.

सावली_उन्हात

बरं. घेते. पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे, तेव्हा साखरेचं विचारते. शेवटची तपासणी कधी झाली ते आठवतही नाही.

नाडी

मी जनरल प्रॅक्टिस करतो आणि हो, मीही ही गोळी झोपेसाठी लिहिली आहे. डॉक्टर बेपर्वा आहेत असा सूर लागायला नको, म्हणून लिहितो.

रात्री झोप न लागणारा माणूस समोर रडत असतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, झोल्पिडेमने कुणी झोपेत चालतं, कुणाला आधीपासून दारूचा त्रास असतो. निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत, म्हणजे सीबीटी-आय, शिकवणारं माणूस सहज मिळत नाही. अशा वेळी क्वेटियापिन २५ कमी वाईट वाटते. आणि डेन्मार्कच्या नोंदणीवरून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कमी डोसच्या क्वेटियापिनने मधुमेह एसएसआरआय ही नैराश्याची औषधं घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळला नाही. मग पहाटवारांच्या डॉक्टरांना पूर्ण चूक कसं म्हणायचं?

मात्रा

नाडीसर, तो अभ्यास मलाही माहीत आहे, आणि तुम्ही तो इथे आणलात हे बरं झालं. पण तुलना एसएसआरआयशी होती. वजन वाढवू शकणाऱ्या एका औषधाची दुसऱ्याशी तुलना केली आणि फरक दिसला नाही, यावरून पहिलं निर्धोक आहे असं ठरत नाही.

त्याच गटाचा २०२२ चा दुसरा अभ्यास हृदयाबद्दल होता. कमी डोसची क्वेटियापिन घेणारे साठ हजारांच्या आसपास आणि झोल्पिडेमच्या जातीच्या झोपेच्या गोळ्या घेणारे साडेचार लाखांच्या आसपास. क्वेटियापिन सुरू केलेल्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे एकत्र धरून धोका सुमारे १३ टक्के जास्त निघाला. गोळी प्रत्यक्ष चालू असतानाचा काळ मोजला तर दीडपट. स्त्रिया आणि ६५ च्या पुढचे यांच्यात हे अधिक ठळक होतं.

नाडी

मान्य, पण गोळी कुणाला दिली जाते हेही बघा. ज्याला व्यसन आहे, नैराश्य आहे, ज्याची तब्येत आधीच ढासळली आहे, त्याला मी झोल्पिडेम टाळून क्वेटियापिन देतो. मग त्याला हृदयविकार झाला तर दोष गोळीचा की त्याच्या मूळ स्थितीचा? नोंदणीतल्या आकड्यांना सिगारेट, वजन, दारू नीट दिसत नाही.

मात्रा

हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. त्या गटाने बरीच जुळवाजुळव केली होती, तरी जे नोंदवलंच जात नाही ते जुळवता येत नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहू. निव्वळ निद्रानाशावर २५ मिलिग्रॅमची थायलंडमध्ये यादृच्छिक चाचणी झाली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात तेरा माणसं होती आणि काळ दोन आठवडे. झोप थोडी वाढल्यासारखी दिसली, पण प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, ठाम फरक सिद्ध झाला नाही. फायद्याचा पुरावा इतका पातळ असताना, धोक्याचा पुरावा मात्र आधी अगदी निर्विवाद हवा, असं का म्हणायचं?

सरळरेषा

मी आधी लिहिलेलं मागे घेतो. पण एक विचारतो: हृदयाचा धोका म्हणजे वजन-साखरेतून हळूहळू येणारा, की अजून काही?

दुर्वा

सरळरेषा, मी आईचं सांगते, त्यात याचं उत्तर असेल.

आई ७३ वर्षांची. झोपेसाठी क्वेटियापिन ५०, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी. खोकला झाला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. त्यांना क्वेटियापिनबद्दल कुणी सांगितलंच नाही, कारण आमच्या लेखी ती "झोपेची गोळी", औषधांच्या यादीत नव्हतीच. तिसऱ्या रात्री बाथरूमला उठली आणि दारातच कोसळली. मनगट मोडलं. दिवसभर इतकी गुंगीत होती की बोलताना जीभ अडखळत होती. आम्हाला वाटलं पक्षाघात. ईसीजी काढल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या की क्यूटी लांबलं आहे. पोटॅशियम ३.१ होतं. क्वेटियापिन आणि ते अँटिबायोटिक दोन्ही थांबवलं, पोटॅशियम दिलं, चार दिवसांनी ईसीजी पूर्ववत झाला.

हे नक्की कशाने झालं, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मात्रा

दुर्वा, आई सावरली हे वाचून बरं वाटलं. त्यांच्या बाबतीत तीन धागे एकत्र गुंफले गेले असं दिसतं.

क्वेटियापिन यकृतात सीवायपी३ए४ नावाच्या एन्झाइमने मोडतं. क्लॅरिथ्रोमायसिन ते एन्झाइम जोरात अडवतं. अशा औषधाबरोबर क्वेटियापिन द्यावीच लागली तर डोस एक षष्ठांशावर आणा, असं तिच्या माहितीपत्रकातच आहे. म्हणजे आईंनी गिळली ५० ची गोळी, पण शरीराला ती कितीतरी मोठी लागली. गुंगी आणि अडखळणारी जीभ त्यातून आली असावी.

दुसरं, क्यूटी. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू पुढच्या ठोक्यासाठी विजेच्या दृष्टीने तयार होतो, तो वेळ क्वेटियापिनने थोडा लांबू शकतो, क्लॅरिथ्रोमायसिननेही लांबतो आणि पोटॅशियम घटलं की आणखी. पोटॅशियम बहुधा लघवीच्या गोळीने घटवलं होतं. एकटी ५० ची गोळी निरोगी माणसात सहसा एवढं करत नाही. तिघं एकत्र आले की चित्र बदलतं. ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला तर जीवघेण्या अनियमित ठोक्यांची भीती असते.

तिसरं, अल्फा-वन. उठून उभं राहताना रक्तवाहिन्या चटकन आवळल्या जाव्या लागतात, ते या गोळीने मंदावतं. रक्तदाबाचं औषध चालू असलेल्या वयस्कर माणसात रात्री बाथरूमच्या वाटेवर पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर आधी झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांत मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर डॉक्टरांना सांगा.

सरळरेषा, म्हणजे दोन्ही: एक वाट वर्षांची, दुसरी काही दिवसांचीही असू शकते. गोळी घेणाऱ्याला धडधड होऊन भोवळ आली किंवा शुद्ध हरपली, तर सकाळची वाट न पाहता ईसीजी करून घ्यायचा.

नाडी

दुर्वाताईंच्या प्रसंगातून मी एक गोष्ट उचलली. उद्यापासून अँटिबायोटिक लिहिण्याआधी "झोपेसाठी काही घेता का" हा प्रश्न वेगळा विचारणार. लोक खरंच ती गोळी औषधात धरत नाहीत.

कोरापाटी

माझा अनुभव वेगळाच. मी ५० वर होतो, वजनाचं वाचलं आणि एका रात्रीत बंद केली. तीन रात्री अजिबात झोप नाही, मळमळ, घाम. चौथ्या रात्री परत घेतली आणि झोपलो. तेव्हा पटलं की मला याशिवाय झोपच येत नाही. आता दोन वर्षं झाली. अलीकडे संध्याकाळी पडल्यावर पायांत वळवळ होते, हलवले की बरं वाटतं. त्याने झोप उडते म्हणून गोळी वाढवावी का?

मात्रा

कोरापाटी, त्या तीन रात्री म्हणजे "गोळीशिवाय झोप येत नाही" याचा पुरावा नव्हे. एच-वन दीर्घकाळ अडवून एकदम सोडला की काही दिवस जागरण, मळमळ उसळून येते. नेमकं त्याच वेळी माणूस परत गोळी घेतो आणि चुकीचा निष्कर्ष पक्का होतो.

पायांची वळवळ डॉक्टरांना मुद्दाम सांगा. अस्वस्थ पायांचा हा त्रास क्वेटियापिनने सुरू होऊ किंवा वाढू शकतो, अगदी लहान डोसमध्येही. तो असेल तर गोळी वाढवणं म्हणजे उलट दिशेला चालणं. जोडीला फेरिटिन तपासून घ्या, लोह कमी असलं तरीही असं होतं.

पहाटवारा

दहा आठवड्यांनी परत आलो, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांना भेटलो, कागद समोर ठेवले. त्यांनी वाद घातला नाही. डोस उतरवायचा आराखडा दिला: ७५ दोन आठवडे, ५० दोन, २५ तीन, आता १२.५ चा तिसरा आठवडा. असं कोष्टक कुठल्या चाचणीतून आलेलं नाही, शरीर बघत जायचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझी गोळी साधी असल्याने मोडता येते. दीर्घकाळ परिणाम करणारी असती तर मोडायची नाही, हेही सांगितलं. ५० वरून २५ ला आलो तेव्हा पाच रात्री वाईट गेल्या. कोरापाटी यांचं वाचलं होतं म्हणून टिकलो.

डायरीत दिसलं की मी रात्री दहा ते सकाळी सात, म्हणजे नऊ तास पलंगावर असतो आणि झोपतो साडेपाच तास. म्हणून पलंगावरची वेळ सहा तासांवर आणली, साडेबारा ते साडेसहा. पलंगावरच्या वेळेतल्या झोपेची आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की पंधरा मिनिटं वाढवायची. पहिले दोन आठवडे दिवसा इतकी झोप यायची की गाडी चालवणं बंद ठेवलं. आता सहा तास पंचेचाळीस मिनिटांवर आहे आणि त्यातली जवळजवळ सगळी झोप असते.

दहाची ती भूक २५ ला आल्यावर मंदावली, १२.५ ला जवळपास गेली. वजन ७७.८, उपाशीपोटी साखर १०५. एचबीएवनसी अजून केलं नाही, ते तीन महिन्यांचं सरासरी चित्र दाखवतं, म्हणून पुढच्या महिन्यात करायचं आहे. वजन पूर्ण ७१ ला येईल का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

नाडी

आणि घोरणं? श्वास अडकतो म्हणाला होतात. रात्री दोन-तीनला जाग येण्याचं मूळ तिथेही असू शकतं.

पहाटवारा

सर, बायको म्हणते थोडं कमी झालंय, पण थांबलेलं नाही. सोमवारी रात्री झोपेची चाचणी आहे. अहवाल आला की इथेच टाकतो.